मदत हवी आहे: औषध लावलं की उवा जातात, आठवड्याभरात परत दिसतात

ऐरोलीची_आई:
मुलगी चौथीत आहे, केस कमरेपर्यंत, शाळेच्या बसने जाते. डोकं खाजवायला लागली म्हणून पाहिलं तर उवा. केमिस्टकडून परमेथ्रिन १ टक्क्याचं लोशन आणून लावलं, दहा मिनिटांनी धुतलं, मेलेल्या उवा निघाल्या. घरातल्या सगळ्या चादरी, अभ्रे, पडदेसुद्धा धुतले. साधारण आठवड्याने परत तेच. या पावसात गोधड्या वाळत नाहीत, घरभर दोऱ्या बांधल्यात. शाळेतून परत येतात की गादीत राहतात? गादी बदलू का?

नेरुळकर७:
आमच्याकडे मागच्या वर्षी हाच त्रास होता. पेस्ट कंट्रोल करून घ्या, पलंगाच्या फटींत औषध मारतात.

ऐरोलीची_आई:
दादा, तुमचे ते ढेकूण असावेत. मी डोक्यातल्या उवांचं विचारतेय.

नेरुळकर७:
हो हो, ढेकूणच होते.

सुमनमावशी_ठाणे:
लोशन कशाला? रात्री खोबरेल तेल चोपडून डोकं बांधायचं, सकाळी फणीने विंचरायचं. नंतर व्हिनेगर लावलं की लिखांचा डिंक विरघळतो. आमच्या लहानपणी सीताफळाच्या बियांची पूड लावायचे, एका दिवसात साफ.

त्वचा_ओपीडी:
मावशी, सीताफळाच्या बिया कृपया नकोत. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. तेलाने ऊ सुस्तावते आणि फणी सहज फिरते, तेवढा फायदा खरा. व्हिनेगरने लिखा सुटतात याला मात्र काही आधार नाही.

ताई, आधी मला सांगा, परत दिसल्या त्या उवा केवढ्या होत्या? तिळाएवढ्या, की त्याहून बारीक आणि फिकट?

ऐरोलीची_आई:
बहुतेक बारीकच. पण दोन चांगल्या मोठ्या होत्या.

त्वचा_ओपीडी:
मग दोन्ही गोष्टी चालल्यात. परमेथ्रिनने सगळ्या लिखा मरत नाहीत. उरलेल्या सात ते दहा दिवसांत फुटतात, त्यातून आलेली ही बारीक पिल्लं. म्हणून लोशन नवव्या दिवसाच्या आसपास पुन्हा लावायचं असतं. लावण्याआधी केस साध्या शाम्पूने धुवा, औषधाआधी कंडिशनर नको, त्याच्या थराने औषध नीट लागत नाही. दुसऱ्या दिवशीही उवा पहिल्यासारख्याच पळताना दिसल्या तर त्या औषधाला दाद देत नाहीत असं समजा आणि डॉक्टरांकडून दुसरं औषध घ्या.

त्या दोन मोठ्या मात्र आठवड्यापूर्वी फुटलेल्या लिखेतून होणार नाहीत, पिल्लाला मोठं व्हायला अजून वेळ लागतो. औषधातून वाचल्या नसतील तर त्या दुसऱ्याच्या डोक्यातून आल्या. मुलीशेजारी कोण झोपतं?

ऐरोलीची_आई:
आजी. पण त्यांना अजिबात खाज नाही.

त्वचा_ओपीडी:
खाज नसली म्हणजे उवा नाहीत असं नाही. पहिल्यांदा झाल्या तर खाज सुटायला महिना-दीड महिनाही लागतो. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी विंचरून बघा. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावा, साध्या कंगव्याने गुंता काढा. मग बारीक दातांची धातूची फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढा आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसा. एकेक बट घ्या, सुरुवात मानेवरून आणि कानांमागून. लांब केसांना अर्धा तास सहज लागेल. हेच पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी. पिल्लं अंडी घालण्याच्या वयाची व्हायच्या आत फणीत यायला हवीत, म्हणून हे अंतर.

गादी राहू द्या. डोक्यावरून पडलेली ऊ रक्त न मिळाल्याने एक-दोन दिवसांत मरते. ज्या दिवशी डोकं साफ कराल त्या दिवशी मागच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, चादर आणि टॉवेल ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, बास. गोधडी धुऊ नका, पिशवीत बांधून बाजूला ठेवा. पडद्यांचा तर संबंधच नाही.

सुमनमावशी_ठाणे:
आणि लिखा राहिल्या तर? शाळेत मुली चिडवतात हो.

त्वचा_ओपीडी:
टाळूपासून बोटभर लांब गेलेल्या लिखा बहुधा रिकामी टरफलं असतात. दिसायला वाईट, पण त्यासाठी औषध नको. चिडवतात म्हणून नखाने काढायच्या तर काढा.

ऐरोलीची_आई:
आजींच्या अंबाड्यातून पाच निघाल्या. त्या दुखावल्या, म्हणाल्या नातीनेच दिल्या. असेलही तसं. आता दोघींना एकदमच बसवते. पण बसमधल्या मैत्रिणीचं काय? तिच्या आईला सांगू कसं?

शिक्षिका_वाशी:
मी नाव न घेता वर्गाच्या ग्रुपवर टाकते, "रविवारी सगळ्यांनी मुलांची डोकी फणीने तपासा". मुलींना दोन घट्ट वेण्या घालायला सांगते.

नेरुळकर७:
मॅडम, ग्रुपवर टाकलं की कुणाचं नाव आहे ते पाच मिनिटांत कळतं. त्यापेक्षा सरळ फोन बरा.

शिक्षिका_वाशी:
फोन करून बघितलाय. पुढे ती आई वर्षभर बोलली नाही.