मदत हवी आहे: बोका घुरघुरतो आहे, पण सुखात आहे असे वाटत नाही

मृदुला_सातारा

नमस्कार. आमच्याकडे बंड्या नावाचा नऊ वर्षांचा, नसबंदी केलेला देशी बोका आहे. एरवी रात्री तो कोणाच्या तरी मांडीवर येऊन घुरघुरतो, पण हल्ली तो वॉशिंग मशीनच्या मागे अंग चोरून बसतो आणि तिथेच, कोणीही हात लावलेला नसताना, बराच वेळ घुरघुरत राहतो. खाणे पूर्ण बंद झालेले नाही. मात्र कोरड्या खाद्याचे दाणे तो उचलतो आणि त्यांतले काही पुन्हा वाटीबाहेर पाडतो.

त्याला दवाखान्यात नेले, तर तपासणीच्या टेबलावरही तो इतक्या जोरात घुरघुरू लागला की डॉक्टरांना हृदयाचे ठोकेच ऐकू येईनात. शेवटी त्यांनी बेसिनचा नळ सोडला, पाण्याच्या आवाजाने तो क्षणभर गप्प झाला आणि तेवढ्यात त्यांनी स्टेथोस्कोप लावून घेतला. वजन थोडे घटले आहे, बाकी वरवर काही दिसत नाही, असे त्यांनी सांगितले. सासूबाईंचे म्हणणे असे, की मांजर घुरघुरते आहे म्हणजे त्याला काही दुखत-खुपत नाही, उगाच दवाखान्याच्या चकरा कशाला? दवाखान्याला घाबरणारा बोका तिथेच सर्वांत मोठ्याने घुरघुरतो, याचा अर्थ कसा लावावा? घुरघुर नेहमी समाधानाचीच असते का, आणि नसेल तर घरच्या घरी फरक कसा ओळखावा?

रानवारा

चिंता करू नका, घुरघुर म्हणजे मांजराचे स्वतःचे औषध आहे. तिची कंपने साधारण 25 ते 50 हर्ट्झची असतात आणि या कंपनांनी हाडे लवकर जुळतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. म्हणूनच मांजर उंचावरून पडले तरी लवकर बरे होते. तुमचा बोका स्वतःवर उपचार करतो आहे, त्याला त्याचे काम करू द्या.

कोकणी_माणूस

आमच्याकडेही हाच त्रास होता. पहाटे पाचला कानाशी येऊन घुरघुर सुरू, आणि त्या घुरघुरीत मधूनच बारीक रडल्यासारखा सूर. आम्ही रात्री उशिरा थोडे खाद्य द्यायला लागलो आणि आवाज थांबला. रात्रीची झोपमोड होत असेल तर हाच उपाय करून पाहा.

पशुवैद्य_निवृत्त

कोकणी_माणूस, मृदुलाताईंचा प्रश्न झोपमोडीचा नाही, पण तुम्ही जे ऐकले ते अगदी खरे आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅककोंब यांनी 2009 मध्ये नेमक्या याच आवाजाचा अभ्यास केला. खाणे मागणाऱ्या मांजरांच्या घुरघुरीत, खालच्या पट्टीतल्या नेहमीच्या आवाजात, सुमारे 380 हर्ट्झचा एक रडका सूर मिसळलेला त्यांना आढळला, आणि ज्यांनी कधी मांजर पाळलेले नव्हते अशा माणसांनाही तो आवाज अधिक निकडीचा वाटला. म्हणजे घुरघुर ही एकाच अर्थाची नसते, इतके तरी त्यावरून ठरते.

रानवारा, तुमच्या म्हणण्यातला कंपनांचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. अशा वारंवारतेच्या कंपनांचा हाडांवर परिणाम होतो का, हे इतर प्राण्यांत आणि माणसांत तपासले गेले आहे. त्यावरून 2001 च्या सुमारास एलिझाबेथ फॉन मुगेनथालर यांनी मांजराच्या घुरघुरीबद्दल तर्क मांडला. घुरघुरणाऱ्या मांजराचे हाड न घुरघुरणाऱ्या मांजरापेक्षा लवकर जुळते, असे मात्र कोणी दाखवलेले नाही. तर्क आकर्षक आहे, म्हणून त्याच्या भरवशावर आजारी जनावर घरी ठेवू नये.

आता मूळ प्रश्न. मांजर पिलू असताना, दूध पीत असतानाच घुरघुरू लागते आणि आईही त्याला घुरघुरून प्रतिसाद देते. मोठेपणी मांजर आनंदात घुरघुरते हे खरेच, पण जखमी असताना, विताना, ताप असताना, अगदी शेवटच्या घटका मोजतानाही घुरघुरते; हे प्रत्येक पशुवैद्याने पाहिलेले असते. तेव्हा आवाजावरून निदान करण्याच्या फंदात पडू नका, आवाज सोडून बाकीचे मांजर पाहा. बंड्या मशीनमागे बसलेला असताना त्याला न छेडता, दुरून, अर्धा मिनिट पाहा आणि पाच गोष्टी लिहून काढा: कान कुठे वळले आहेत, डोळे कितपत मिटले आहेत, नाक-तोंडाचा भाग गोल आहे की ताणलेला, मिशा सैल वाकलेल्या आहेत की सरळ, आणि डोके खांद्यांच्या वर आहे की खाली. तो झोपलेला, खात असलेला, अंग चाटत असलेला किंवा ओरडत असलेला नसावा. शिवाय तो दाणे कुठल्या बाजूने चावतो, तेही पाहून ठेवा.

मृदुला_सातारा

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. कान पूर्ण मागे गेलेले नाहीत, पण एकमेकांपासून दूर, थोडे बाहेरच्या बाजूला वळलेले आहेत. डोळे अर्धवट मिटलेले आहेत. तोंडाचा भाग एरवी गोल दिसतो, तो आता चपटा आणि ताणलेला वाटतो. मिशा अंधारामुळे नीट दिसल्या नाहीत. डोके खांद्यांच्या रेषेत आहे, वर नाही. खाताना तो मान उजवीकडे कलती करून चावतो, डावीकडे दाणा गेला की तोंड झटकतो. हे सगळे चालू असताना घुरघुर अखंड होती.

शाल्मली

आमची मनी वितानाही सलग घुरघुरत होती आणि मला तेव्हा ती खूश आहे असेच वाटले होते. नंतर कोणी तरी सांगितले, की पिल्लांना जन्मतः दिसत नाही आणि ऐकू येत नाही, म्हणून आईच्या अंगाची थरथर जाणवून ती दुधाकडे सरकतात. हे खरे असेल तर ती घुरघुर तिच्या स्वतःच्या सुखाची नव्हतीच म्हणायची. पण कळा सुरू होत्या तेव्हा तर एकही पिल्लू बाहेर आलेले नव्हते, मग ती कोणासाठी घुरघुरत होती?

पशुवैद्य_निवृत्त

शाल्मली, थरथर जाणवून पिल्ले आईकडे सरकत असावीत, असे मानले जाते. कळांच्या वेळच्या घुरघुरीबद्दल दोन तर्क आहेत: एक, ती स्वतःला शांत करण्याची सवय, जशी लहान मूल अंगठा चोखते, दुसरा, जवळच्याला 'माझ्यापासून धोका नाही, मला सांभाळ' असे सांगण्याची. दोन्ही पटण्याजोगे आहेत आणि दोन्ही सिद्ध करणे कठीण आहे.

मृदुलाताई, मी विचारलेल्या पाच गोष्टी माझ्या मनच्या नाहीत. मॉन्ट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली, तिच्या त्या पाच खुणा आहेत. प्रत्येक खुणेला 0, 1 किंवा 2 गुण द्यायचे आणि 10 पैकी 4 किंवा अधिक झाले, तर वेदनाशामकाचा विचार करायचा. तुमच्या वर्णनावरून मी कानांना 1, डोळ्यांना 1, तोंडाच्या ताणाला 2 आणि डोक्याला 1 देईन. मिशा दिसल्या नाहीत म्हणून ती खूण वगळायची आणि एकूण 8 धरायचे. 8 पैकी 5 झाले, म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि हे सगळे घुरघुर चालू असताना. ही पट्टी मुख्यतः तीव्र, नुकत्याच उद्भवलेल्या वेदनेसाठी बनवली आहे. जुन्या दुखण्यात मांजर चेहरा सावरून घेते आणि गुण कमी येऊ शकतात. इथे मात्र कमी आलेले नाहीत.

दाणे पाडणे, एका बाजूने चावणे आणि तोंड झटकणे यांवरून माझा पहिला संशय दातांवर आहे. मध्यमवयीन मांजरांत दात हिरडीच्या कडेपासून आतून झिजत जातो, खालच्या जबड्यातील उपदाढेत हे विशेष आढळते, आणि वरून फक्त हिरडी थोडी दाताच्या अंगावर चढल्यासारखी दिसते. जागेपणी तोंड उघडून पाहिले तर हे सहज निसटते; भूल देऊन दातांचा एक्स-रे काढावा लागतो. पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि नेमके हेच सांगा. तोपर्यंत घरातली माणसांची वेदनाशामके देऊ नका, पॅरासिटामॉल तर मांजराला अल्प प्रमाणातही जीवघेणे ठरते. आणि बोका असल्यामुळे एक बजावतो: तो वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

प्रयोगवाही

मूळ कारणाकडे थोडे वळतो. श्वास घेताना आणि सोडताना अशा दोन्ही वेळी घुरघुर चालते, म्याव तशी चालत नाही. 1972 पासून असे मानले जात होते, की मेंदू स्वरयंत्राच्या स्नायूंना सेकंदाला पंचवीस-तीस वेळा आकुंचनाचा आदेश देतो. 2023 मध्ये व्हिएन्नातील ख्रिश्चन हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी असाध्य आजारामुळे दयामरण दिलेल्या 8 मांजरांच्या स्वरयंत्रांतून केवळ हवा सोडली आणि मेंदूचा आदेश नसतानाही तीच खालची पट्टी मिळाली. स्वरतंतूंत ऊतींच्या छोट्या गाद्या असतात, त्यांच्यामुळे ते संथ थरथरत असावेत. मग घुरघुर ही घोरण्यासारखी आपोआप होते असे म्हणता येईल ना? मांजराला ती 'म्हणायची' नसतेच.

पशुवैद्य_निवृत्त

इतक्या लांब उडी मारता येणार नाही. काढलेल्या स्वरयंत्रातून आवाज निघतो, इतकेच त्या प्रयोगाने दाखवले. जिवंत मांजरात स्नायूंचे आकुंचनही होत नाही, असे नाही. शिवाय तंतू जवळ आणून घुरघुर सुरू करणे आणि नळाचे पाणी ऐकताच ती थांबवणे, यासाठी मेंदू लागतोच. तो थांबण्याचा निर्णय जाणूनबुजून असतो का, यावर मी पैज लावणार नाही.

मृदुला_सातारा

सर्वांचे आभार. डॉक्टरांना दाण्यांचे आणि मान कलती करण्याचे सांगितले, भूल देऊन एक्स-रे काढला, आणि डावीकडच्या खालच्या उपदाढेचे मूळ झिजलेले निघाले. ती दाढ काढली आहे. सासूबाईंना एक्स-रे दाखवला, त्यावर 'मग घुरघुरत कशाला होता मेला?' एवढेच त्या म्हणाल्या. आता घरी आल्यावर तो पुन्हा घुरघुरतो आहे, आणि माझ्या कानाला या घुरघुरीत व आधीच्या घुरघुरीत काहीच फरक कळत नाही. बरे होते आहे हे कशावरून ओळखू?

पशुवैद्य_निवृत्त

कानाला फरक कळणार नाही, मलाही कळत नाही. टाके भरेपर्यंत मऊ खाद्य द्या, डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक ठरल्या दिवसांपर्यंत पूर्ण करा आणि रोज एकाच वेळी, उजेडात, त्या पाच खुणांचे गुण कॅलेंडरवर लिहा. या वेळी मिशाही दिसतील. गुण उतरत गेले पाहिजेत. एक पूर्ण दिवस त्याने तोंड लावले नाही तर दवाखान्यात फोन करा, कारण उपाशी मांजराचे यकृत लवकर बिघडते. आणि तो झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेतो तेही अधूनमधून मोजा. सातत्याने तीसच्या वर जात असेल तर ते दातांचे नाही, छातीकडे पाहावे लागेल.

शाल्मली

माझा कळांच्या वेळचा प्रश्न तसाच राहिला. कोणाच्या मांजरीचे निरीक्षण असेल तर जरूर लिहा.