मदत हवी आहे: मणी ओवताना नाडी मण्यातच अडकते (मुलगी ३ वर्षे)

रानजाई: मुलीला ३५ मिमीचे गोल लाकडी मणी आणि बुटाची नाडी दिली आहे. ती नाडी भोकात घालते, पण टोक पलीकडे येतच नाही. मग मणी भिरकावते. मणी बदलू की नाडी?

चिंचोका: मणी बदला. मणी जाड आहे, म्हणून टोक आतच राहतं. २० मिमीचे घ्या, नाडी लगेच आरपार जाते. खोक्यावर '३+' असलं की काळजी नाही.

धागादोरा: टोक अडकण्याचं कारण बरोबर सांगितलंत, पण २० मिमीचे मणी नकोत. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात घालून तपासतात, त्यात पूर्ण मावणारा तुकडा नापास. '३+' खेळण्यात असे तुकडे चालतात, म्हणून त्या आकड्यावर विसंबू नका. तीन वर्षांचं मूलही वस्तू तोंडात घालतंच. मण्याची जाडी कमी हवी, रुंदी नव्हे. ४० मिमी रुंद आणि १२ मिमी जाड चकत्या घ्या.

आहेत तेच मणी वापरायचे तर नाडी सुधारा. तिचं कडक टोक जेमतेम २ सेमी असतं. ते ३५ मिमीच्या मण्यात बुडतं आणि मागचा मऊ भाग दुमडतो. कडक टोक मण्यापेक्षा २ सेमी तरी लांब हवं. स्ट्रॉचा ६ सेमी तुकडा उभा चिरा, नाडीच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळा आणि वरून पूर्ण चिकटपट्टी लावा. पट्टी सुटली नाही ना, हे रोज बघा. नाडी ४० सेमीच ठेवा, दुसऱ्या टोकाला एक मणी बांधून टाका. गळ्यात माळ घालू देऊ नका, आणि खेळ संपेपर्यंत शेजारी बसा.

रानजाई: टोक बाहेर आलं तरी ती मणी सोडून देते, आणि नाडी परत आत जाते.

धागादोरा: ढकलणाऱ्या हाताने नाडी सोडून त्याच हाताने पलीकडचं टोक पकडायचं, ही अदलाबदल तिला अजून जमत नाही. सुरुवात उलट्या बाजूने करा. टोक २ सेमी बाहेर येईपर्यंत तुम्ही ढकला, तिने फक्त ओढायचं. ते सहज जमू लागलं की मणी तुम्ही धरा, ढकलणं आणि ओढणं दोन्ही तिचं. मणी तिच्या हातात सगळ्यात शेवटी द्या.

पाटीपेन्सिल: माझा मुलगा साडेपाचचा आहे, पेन्सिल फार दाबून धरतो. त्यालाही हेच मणी देऊ का?

धागादोरा: त्याला हे फार सोपे पडतील, आणि दाबून लिहिण्याची कारणं वेगळी असू शकतात. त्यासाठी वेगळा धागा काढा.

चिंचोका: मग नाडी ओवायचं कार्ड कधी द्यायचं? बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा आहे, पंचिंग मशीनने भोकं पाडता येतील.

धागादोरा: कडेपासून १ सेमी आत सहा भोकं पाडा, दोन भोकांत ३ सेमी अंतर ठेवा. आधी एकदा वरून, एकदा खालून असं ओवू द्या. कडेभोवती गुंडाळलं की नाडी गुंतते.

चिंचोका: मला उलटं वाटतं. कडेभोवती गुंडाळताना दरवेळी वरूनच घालायचं असतं, कार्ड उलटावं लागत नाही.

रानजाई: दोन कार्डं करून दोन्ही बघते. आधी स्ट्रॉ लावते.