कच्चा बीटा १ कडे ओढायचा की नाही? इक्विटीचा खर्च दीडेक टक्क्याने हलतो आहे

मडगावकर
शेअर बाजारात असलेल्या एका हॉटेल कंपनीचं मूल्यांकन चालू आहे, निम्म्याहून जास्त खोल्या गोव्यात. साठ महिन्यांचे परतावे निफ्टीसमोर लावून रिग्रेशन केलं, बीटा १.६० आला. बरोबरचा म्हणतो, हा १ कडे ओढून १.४० घे. सरकारी रोख्याचा दर ६.८ टक्के आणि मार्केट प्रीमियम ७ टक्के धरला, तर इक्विटीचा खर्च १८ वरून १६.६ वर येतो. आकडा जो आला तो आला, एवढी सूट कशाच्या जोरावर द्यायची?

पणजीचा सीए
सूट म्हणू नका, दुरुस्ती म्हणा. पाचशे शेअरांचे बीटा काढले आणि सर्वांत वरचे पन्नास बाजूला केले, तर त्यात खरोखर जास्त हलणारे शेअर असतात. पण मोजमापातली चूक योगायोगाने वरच्या बाजूला गेली असे शेअरही त्यात जास्त भरतात. पुढच्या पाच वर्षांत हेच पन्नास पुन्हा मोजले की त्यांची सरासरी खाली आलेली दिसते, आणि तळाच्या पन्नासांची वर. मार्शल ब्लूम यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या शेअरांवर हे दाखवलं. त्यावरूनच कच्च्या बीटाला ०.६७ ने गुणून ०.३३ मिळवायची रीत पडली. तुमच्या सहकाऱ्याचा १.४० तिथूनच आला.

मात्र सगळ्या शेअरांना तेच ०.६७ लावणं मला पटत नाही. आधी स्टँडर्ड एरर बघा. निफ्टीचे परतावे B मध्ये आणि शेअरचे C मध्ये असतील तर:

```
=INDEX(LINEST(C2:C61,B2:B61,TRUE,TRUE),2,1)
```

फोंडेकर
मला हा सगळा प्रकारच मान्य नाही. हॉटेलचा धंदा चढउताराचा आहे. मंदीत लोक आधी सहल रद्द करतात, आणि खोल्या रिकाम्या राहिल्या म्हणून पगार आणि व्याज थांबत नाही. म्हणजे बीटा वर असायला ठोस कारण आहे. न्यूयॉर्कच्या जुन्या आकड्यांवरचं गुणोत्तर इथे का लावायचं?

शिवाय हिशेबाने बघितलं तर हाती काय लागतं? १.६० वाल्याचा खर्च १.४ टक्क्यांनी उतरतो, ०.४० वाल्याचा तेवढाच चढतो. दोन्ही धरून बेरीज शून्य.

पणजीचा सीए
खर्चाची बेरीज शून्य, किमतीची नाही. दोन्ही कंपन्यांची वाढ कायमची ५ टक्के धरा. १.६० वाल्याचा खर्च १८ वरून १६.६ झाला की पुढच्या वर्षीच्या एका रुपया रोकडीची किंमत ७.७ रुपयांवरून ८.६ होते, म्हणजे साधारण १२ टक्के वाढ. ०.४० वाल्याचा खर्च ९.६ वरून ११ होतो, आणि किंमत २१.७ वरून १६.७ वर येते. तिथे २३ टक्के गळती. खर्चातून वाढ वजा केल्यावर जे उरतं ते जितकं छोटं, तितका तोच १.४ टक्का जास्त बोचतो. म्हणून खरी काळजी कमी बीटाच्या कंपनीत घ्यायची.

डिचोलीकर
हे माझ्याच कामाचं निघालं. वेर्ण्याच्या एका छोट्या इंजिनियरिंग कंपनीचा बीटा रोजच्या भावांवरून ०.४० येतो. शेअर कधी कधी दोन-दोन दिवस विकला-घेतला जात नाही. म्हणजे १ कडे ओढून ०.६० केला की झालं?

पणजीचा सीए
नाही. तुमचा आकडा डळमळीत आहेच, पण त्याआधी तो एका बाजूला झुकलेला आहे. आज निफ्टी पडला आणि तुमच्या शेअरचा सौदाच झाला नाही, तर त्या दिवशी परतावा शून्य दिसतो. पडझड दोन दिवसांनी नोंदली जाते, तोवर निफ्टी वेगळ्याच दिशेला गेलेला असतो. त्यामुळे बीटा हटकून खाली येतो. १ कडे ओढलं तर योग्य दिशेने थोडं सरकतं, पण कितीने सरकायला हवं होतं याचा त्या ०.६७ ला पत्ता नसतो.

आधी साप्ताहिक किंवा मासिक परतावे घ्या. साप्ताहिकवर काम करत असाल तर निफ्टीचा याच आठवड्याचा आणि मागच्या आठवड्याचा परतावा असे दोन रकाने रिग्रेशनमध्ये घाला आणि दोन्ही गुणांकांची बेरीज करा. डिमसन यांची ही १९७९ ची पद्धत. मागच्या आठवड्याचा गुणांक शून्याच्या आसपास आला, तर उशिराने भाव नोंदला जाण्याचा त्रास फारसा नाही असं समजा. चांगला मोठा आला, तर ०.४० हा आकडा कुठेच वापरू नका. ओढाताण त्यानंतरची.

कळंगुटची
आमचं गेस्ट हाऊस आहे, शेअर बाजाराशी काही संबंध नाही. बीटा १ वर आणला म्हणजे जोखीम काढून टाकली, असंच ना? मग बँकेच्या ठेवीएवढाच खर्च धरायचा का?

डिचोलीकर
नाही हो. ठेवीसारखं म्हणजे बीटा ०. बीटा १ म्हणजे बाजाराएवढी जोखीम, वरच्या आकड्यांत १३.८ टक्के. तुमच्या गेस्ट हाऊसला भाव नाही, त्यामुळे बीटा दुसऱ्या हॉटेलांकडून उसना घ्यावा लागेल. तो वेगळा धागा होईल.

मडगावकर
LINEST ने स्टँडर्ड एरर ०.४० दिला. एवढा असतो?

पणजीचा सीए
एकट्या शेअरला, साठच महिन्यांवर, असतो. म्हणजे खरा बीटा ०.८ ते २.४ यांत कुठेही असू शकतो. व्हासिचेक यांच्या १९७३ च्या पद्धतीने वजन या चुकीवरूनच ठरतं. बाजारातल्या शेअरांच्या खऱ्या बीटांचा पसरही ०.४० आहे असं धरलं, तर कच्च्याला निम्मं वजन आणि बीटा १.३०. एरर ०.२० असता तर कच्च्याला ०.८ वजन आणि बीटा १.४८. ज्याचं मोजमाप घट्ट, त्याला कमी ओढायचं. पसर मात्र तुम्हाला तुमच्या शेअरांच्या यादीवरून काढावा लागेल, मी तो फक्त उदाहरणासाठी धरला.

फोंडेकर
आता थोडं जमतंय. पण ओढायचं तर १ कडे का? हॉटेल कंपन्यांच्या सरासरीकडे ओढा. समजा ती १.३० आणि त्यांच्यातला पसर ०.२०. तुमच्याच सूत्राने कच्च्याला ०.२ वजन, बीटा १.३६, खर्च १६.३ टक्के. तुमच्या १.३० ने १५.९ येतो.

पणजीचा सीए
तत्त्वतः तुमचं बरोबर. अडचण एवढीच की सारखा धंदा, सारखं कर्ज अशा हॉटेल कंपन्या यादीत पाच-सहा सापडतात. त्यांची सरासरी हीच अंदाजाने धरलेली, आणि प्रत्येकीचा एरर तुमच्याएवढाच. एका कंपनीचा आकडा हलला की सरासरी हलते.

फोंडेकर
तरी १ पेक्षा बरी. १ ही तर बँका, सिमेंट, साबण सगळं मिळून आलेली सरासरी.

मडगावकर
दोन्ही रकाने ठेवतो. दरम्यान एका डेटा सेवेवर याच कंपनीचा बीटा १.४० दिसतो. तो घेऊन ओढू का?

डिचोलीकर
थांबा, तो बहुधा आधीच ओढलेला आहे. ०.३३ वजा करून ०.६७ ने भागा, १.६० येतो, म्हणजे तुमचाच कच्चा आकडा. पुन्हा ओढला तर १.२७ होईल आणि खर्च १५.७ वर जाईल, कारण नसताना. बीटा शेजारी 'अॅडजस्टेड' लिहिलंय का ते बघा. आणि कर्जाचा परिणाम काढायचा असेल तर आधी ओढा, मग काढा. १ ही सरासरी इक्विटी बीटांची आहे, कर्ज वगळलेल्या बीटांची नाही.