मदत हवी आहे: ‘पाणी’त ण, मग ‘पान’मध्ये न का?

नागपूरकडे बोलण्यात ‘पानी’, ‘कारन’ सर्रास चालतं, म्हणून सातवीच्या मुलांसाठी न-णचं एक पान तयार करतोय. चुकलं असेल तिथे सांगा.

तत्सम शब्दांचं सोपं आहे. ऋ, र किंवा ष नंतर त्याच शब्दात न आला तर ण होतो: कारण, भूषण. मधे स्वर, क-वर्ग, प-वर्ग, य, व, ह, अनुस्वार चालतात. ‘दर्पण’मध्ये प आडवा येत नाही, पण ‘दर्शन’मध्ये श, ‘रचना’मध्ये च आणि ‘प्रार्थना’मध्ये थ आला की न तसाच राहतो.

खरी गंमत तद्भव शब्दांत आहे. संस्कृतात एकटा न असेल तर मराठीत ण: पानीय-पाणी, पुनः-पण, भगिनी-बहीण. जोडाक्षर असेल तर उलट न, मग मुळात ण का असेना: पर्ण-पान, कर्ण-कान, अरण्य-रान. म्हणजे ‘पर्ण’मध्ये ण दिसतो म्हणून झाडाचं ‘पाण’ लिहिणारा मुलगा तर्क लावतोय, फक्त चुकीच्या जागी! (‘जलपान’मधलं पान वेगळं, ते तत्सम.)

अडलंय ते इथे. ‘करणे’त ण, पण ‘करून’मध्ये र असूनही न. ‘कारखाना’ फारसी म्हणून नियमाबाहेर, हे पटतं. पण ‘-ऊन’ प्रत्ययाचं कारण मुलांना कसं सांगावं? की ‘-णे’ आणि ‘-ऊन’ सरळ पाठच करून घ्यावेत? शिवाय ‘जन’ आणि ‘जण’ दोन्ही बरोबर आहेत. त्यांना वेगळं ओळखायला ‘चार जण’, ‘जनसभा’ यांहून चांगली जोडी सुचते का?