सही केली म्हणून बांधलात असं नाही

> "नोकरी सोडल्यावर वर्षभर कुठल्याही प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही, असं कलम आहे. मी सही केलीय. आता बांधलो गेलो ना?"

नाही. इंग्लिश कॉमन लॉ, म्हणजे कोर्टाच्या निकालांतून घडलेला कायदा, असं कलम मुळात निरर्थकच धरतो. ते वाजवी आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. 'स्पर्धा नको' एवढं कारण चालत नाही. जपण्याजोगं काही हवं: व्यवसायाची गुपितं किंवा ग्राहकांशी जडलेले संबंध. कलमही तेवढ्यापुरतंच हवं.

मेसन विरुद्ध प्रॉव्हिडंट क्लोदिंग (१९१३) हा खटला बघा. मेसन दारोदार फिरून ग्राहक मिळवायचा, तोही लंडनच्या इस्लिंग्टन भागात. बंदी मात्र लंडनपासून २५ मैल, तीन वर्षं! त्याची ओळखपाळख होती त्याहून हे क्षेत्र कितीतरी मोठं, म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टानं, कलम रद्द केलं. छाटून लहानही करून दिलं नाही, आणि ते मला फार योग्य वाटतं. नाहीतर प्रत्येक मालक हवं तेवढं लांबरुंद लिहील आणि कापाकापी कोर्टावर सोडेल.

तुमच्या कलमातला 'कुठल्याही' हा शब्द म्हणूनच कच्चा दुवा आहे. करार भारतातला असेल तर करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरीनंतरची अशी बंदी, वाजवी असो वा नसो, सहसा टिकतच नाही. गोपनीयतेचं बंधन मात्र वेगळं. ते पाळावं लागेल.