१२ पोस्ट एकाखाली एक लावल्या की लेख होतो का?

धागाकर्ता: पानशेतच्या पुरावरच्या माझ्या १२ पोस्ट खाली चिकटवल्या आहेत. यांचा लेख करून द्या. क्रम तोच ठेवा, एकही गाळू नका, लोकांना सगळ्या आवडल्या होत्या.

नदीकाठची: शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. पोस्ट सुटी वाचली जाते, म्हणून तुम्ही '१२ जुलै १९६१ला पुण्यात' हे नऊ वेळा लिहिलंय. लेखात एकदा पुरे. 'पुढचं उद्या' ही वाक्यंही काढा.

तिसरीत आधी खडकवासला फुटलं म्हणता आणि सातवीत चूक कबूल करता. तेव्हा ते प्रामाणिकच होतं. पण लेखाचा वाचक मधल्या तीन पोस्ट चुकीचंच खरं धरून वाचेल. तिसरीतच दुरुस्त करा, सातवी उडवा: आधी पानशेत, मग त्या लोंढ्याने खडकवासला.

जवानांनी रचलेली वाळूची पोती पाचवीत, म्हणजे धरण फुटल्यानंतर येतात. ती आधी हवीत. भराव खचत होता म्हणून पोती रचली, पोत्यांमुळे फुटणं लांबलं, म्हणून शहरात पाणी रात्रीऐवजी दिवसा शिरलं. हे दोन्ही 'म्हणून' तुमच्या एकाही पोस्टमध्ये नाहीत. ते नव्याने लिहावे लागतील.

पेठेतला: झालं, पाठ्यपुस्तकातला धडा! पहिल्या पोस्टमधला पाण्याखालचा लकडी पूल वाचूनच मी थांबलो होतो. सुरुवात तीच हवी.

नदीकाठची: बरं, पूल आधी घ्या. पण एकच परिच्छेद, मग आदल्या रात्रीकडे जा. आठवीतही तोच पूल आहे. तिथला तपशील पहिल्या परिच्छेदात आणा, नाहीतर पूल दोनदा बुडेल. आणि सहावी, आजीच्या बंबाची, गाळा. ऐन लोंढ्यात गोष्ट थांबते.

मावशी७२: बंब गाळा? आमचं घर नारायण पेठेत होतं. आईने चिखलातून पितळी डबे उपसून काढले, ते अजून माझ्याकडे आहेत. पूर म्हणजे आम्हाला तेच डबे!

नदीकाठची: डब्यांबद्दल मी काही बोललेच नाही.

मावशी७२: एका दिवाळी अंकात माझ्या लेखातून नेमका आईचा परिच्छेद उडवला होता. 'ओघ तुटतो' म्हणाले. उरलं ते कुणीही लिहिलं असतं.

पेठेतला: मावशींचं बरोबर आहे. घरचं काढलं तर उरते बातमी.

नदीकाठची: मग बंब पाणी ओसरल्यावर, चिखलाच्या भागात घ्या. गाळू नका, हलवा. एवढंच मान्य.

नवा वाचक: मला वाटलं, पोस्टला जास्त लाइक कसे मिळवायचे हा प्रश्न आहे. बारावी छान होती, हल्ली रस्त्यांवर तुंबणाऱ्या पाण्याची.

नदीकाठची: ती तर आधी काढा. पावसाचं तुंबलेलं पाणी आणि धरणाचा लोंढा यांची कारणंच वेगळी.

धागाकर्ता: सातवी काढतो. बंब चिखलात नेतो. बारावीला हात लावणार नाही, ती लिहायची होती म्हणूनच बाकीच्या ११ लिहिल्या.

नदीकाठची: मग तो दुसरा लेख आहे. वेगळा लिहा.