संमेलनाला दरवर्षी नवं बोधचिन्ह कशाला?

मांडवशोभा
दरवर्षी नवं गाव, नवे संमेलनाध्यक्ष, मग बोधचिन्ह तेवढं जुनं का? साहित्य संमेलन म्हणजे काय साबणाची वडी आहे, एकच शिक्का मारायला? यजमान गावाला आपलं काही दाखवू द्या. ज्यांना एकसारखेपणाची हौस आहे त्यांनी बँकेत नोकरी करावी.

रेघोट्या
बँकेत नोकरी करत नाही. परिषदा-संमेलनांची मांडणीची कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गावाला कोण अडवतंय? नाशिक, उदगीर, वर्धा, अमळनेर, दिल्ली यांच्या निमंत्रणपत्रिका शेजारी-शेजारी ठेवा, नावाच्या ओळीवर हात ठेवा आणि बघा, एकाच घरातली वाटतात का. दोष चित्रकारांचा नाही. बोधचिन्ह यजमान संस्था करून घेते आणि समारोप झाला की तिची समिती पांगते. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाचं कार्यालयही दर तीन वर्षांनी घटक संस्थांमध्ये फिरतं. मूळ फाइल आणि नियम सांभाळणारं कायमचं कुणी नाही. त्यामुळे प्रत्येक जण शून्यापासून सुरू करतो, आणि त्यालाच आपण ताजेपणा म्हणतो.

गावोगावी होणारे टेडएक्सचे भाषणांचे कार्यक्रम बघा. लाल अक्षरं, लाल एक्स, पुढे गावाचं नाव. मागे काळं किंवा पांढरं. फक्त गाव बदलतं. तरी दोन गावांचे कार्यक्रम सारखे वाटत नाहीत, कारण वेगळेपण विषयात, वक्त्यांत आणि मंचाच्या सजावटीत असतं.

माझ्याकडे डॉक्टरांची एक वार्षिक परिषद होती, दरवर्षी वेगळ्या जिल्ह्यात. तीन गोष्टी बांधून टाकल्या: नावाचा टंक, डाव्या कडेला पानाच्या सहाव्या हिश्शाएवढा उभा पट्टा, आणि त्या पट्ट्यात कितवी परिषद तो आकडा, पट्टा भरून. आकड्याच्या आतलं चित्र आणि रंगाची जोडी यजमानांची. एका वर्षी पैठणीच्या काठातला मोर, पुढच्या वर्षी कोळ्यांचं जाळं. आकडा आपोआप बदलतो, म्हणजे निम्मा नवेपणा फुकटात मिळतो.

अडचणी आल्याच. ११ बारीक, २० रुंद, पट्टा एकच. आकडा कडेला थोडा कापायचा ठरवलं, तर कापलेले १ आणि ९ लांबून ओळखू येईनात. शेवटी नियम केला की कापायचा तर खालून, वरची गाठ पूर्ण दिसली पाहिजे. तिसऱ्या वर्षी स्वागताध्यक्षांच्या फोटोला जागा हवी म्हणून पट्टा उजवीकडे गेला आणि त्या साली लोक विचारायला लागले, ही आपलीच परिषद ना? तेव्हापासून पट्ट्याची जागा करारपत्रात लिहिली जाते.

पाचवर्तुळे
एवढा खल कशाला? ऑलिम्पिक दर वेळी नवं चिन्ह करतं, खाली पाच वर्तुळं तीच. आपणही महामंडळाची मुद्रा कोपऱ्यात टाकावी, झालं काम.

रेघोट्या
निम्मं बरोबर. वर्तुळं चालतात कारण १९२० च्या अँटवर्पपासून ती ध्वजावर आहेत आणि त्यांच्या वापराचे नियम कडक आहेत. आपल्याकडे कोपऱ्यातली मुद्रा प्रायोजकांच्या रांगेत जाऊन बसते आणि व्हॉट्सॲपच्या डीपीत तिचा ठिपका होतो. ओळख कोपऱ्यात ठेवून चालत नाही, सांगाडाच ओळखीचा लागतो.

फुकटात_नाही
सांगाडा वगैरे ठीक आहे, पण मुळात ही चिन्हं येतात कुठून ते बोला. बोधचिन्ह स्पर्धा! "सर्वोत्कृष्ट बोधचिन्हास रोख पारितोषिक व सन्मानपत्र." शेकडो मुलं रात्री जागून फुकट काम करणार, एकाला पाकीट, बाकीच्यांना आभार. मी दोनदा पाठवलं, एकदा पोच नाही, एकदा माझ्यासारखंच चिन्ह दुसऱ्याच्या नावावर. संस्थेचं नाव घेत नाही.

कारकून_४२
चोरीचा आरोप पुराव्याशिवाय करू नये. आमच्या जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाची स्पर्धा मी सांभाळली आहे. देणगीच्या पैशातून एजन्सी कुठून परवडणार? आणि स्पर्धेमुळे शाळेतल्या मुलांना वाटतं, उत्सव आपला आहे.

फुकटात_नाही
मांडववाल्याला स्पर्धा का नाही? केटररला का नाही? सगळ्यांनी जेवण करून आणा, सर्वोत्कृष्ट पंगतीस पारितोषिक!

कारकून_४२
सभ्य भाषेत बोलता येत असेल तर बोला.

रेघोट्या
भांडण बाजूला ठेवा, पण स्पर्धेचा मूळ प्रश्नाशी संबंध आहे. स्पर्धेच्या पत्रकात लिहिलेलं असतं: गावाची संस्कृती, इतिहास, साहित्यपरंपरा प्रतिबिंबित व्हावी. मग एका वर्तुळात लेखणी, पुस्तक, देऊळ, किल्ला, नदी, सूर्य सगळं येतं. मागच्या वर्षीशी नातं ठेवा असं त्यात कुठेच नसतं, कारण परीक्षक एकाच वर्षाचे. स्पर्धा घ्यायचीच तर फक्त आकड्याच्या आतल्या चित्राची घ्या. चौकट ठरलेली द्या.

कारकून_४२
हे जमण्यासारखं आहे, असं नाइलाजाने म्हणावं लागतंय. पण चौकट ठरवणाऱ्याला पैसे कोण देणार ते सांगा.

फुकटात_नाही
वा! म्हणजे आता आकड्याच्या आतलं फुकट.

सोसायटी_सचिव
आमच्या गणेशोत्सवाचा बॅनर पाच वर्षं तोच आहे, फक्त साल बदलतो, वर्गणी वाढतच गेली. म्हणजे जुनंच चांगलं. फाइल कुणाला हवी असल्यास सांगा.

कोरलवाला
तुम्ही लोक सुंदर चर्चा करता, छापतो मी. कोरलची फाइल येते, आतला मराठी टंक माझ्याकडे नाही, आणि "साहित्य"चा "साहत्यि" होऊन बसतो. अक्षरांचे कर्व्हज, म्हणजे आकृत्या, करून पाठवा म्हणून सांगून घसा बसला. तो ओळखीचा निळा रंग मोबाइलवर चमकतो, फ्लेक्सवर जांभळट उतरतो, कारण पडद्यासाठीच्या आरजीबीतच पाठवलेला असतो. दहा गावांतल्या दहा प्रिंटरांकडे दहा निळे. नियमावलीत छपाईच्या शाईचे, सीएमवायकेचे आकडे द्या, नाहीतर ओळख-बिळख विसरा.

रेघोट्या
शंभर टक्के. म्हणून मी पट्टा काळा ठेवतो. काळा कुठेही छापा, फार बिघडत नाही.

मांडवशोभा
काळा? मंगलकार्याला? धन्य. आणि तुमच्या आकड्याचं एवढं कौतुक, पण सामान्य माणसाच्या लक्षात साल राहतं. ९४ वं म्हणजे कुठलं, सांगू शकेल कुणी?

रेघोट्या
९४ वं नाशिकचं. मार्चमध्ये ठरलं होतं, कोरोनामुळे डिसेंबर २०२१ मध्ये झालं. थोडं आणखी लांबलं असतं तर साल छापलेलं सगळं रद्दीत गेलं असतं, क्रमांक तसाच राहिला असता.

पाचवर्तुळे
टोकियो २०२० हे २०२१ मध्ये झालं तरी नाव बदललं नाही. साल चुकलं म्हणून काही बिघडलं नाही!

रेघोट्या
त्यांचा माल आधीच छापून तयार होता. तुमची समिती निमंत्रणावर चुकीचं साल जाऊ देईल? पहिल्याच दिवशी वर्तमानपत्रात पत्र येईल. सालाचा घोळ सोशल मीडियावर अजून मोठा आहे. दरवर्षी नाव आणि साल जोडून नवीन पान उघडतात, आधीचे सगळे अनुयायी जुन्या पानावर पडून, नव्यावर शून्य. पान कायम एकच ठेवा, साल पोस्टमध्ये लिहा.

मांडवशोभा
पानाचं पटलं. काळा पट्टा मात्र आमच्या गावात मुळीच लागणार नाही. आणि शंभरावा आकडा तुमच्या सहाव्या हिश्शात कसा बसवणार?

रेघोट्या
एकाखाली एक. १, ०, ०.

फुकटात_नाही
त्याची स्पर्धा घ्या.